विश्लेषण : अर्धगोलावर शंकू, घनफळांची बेरीज चालते, मग पृष्ठफळांची का चालत नाही?

दहावीच्या भूमितीच्या सरावपत्रिकांमध्ये आकडे बदलून येणारा एक प्रश्न आहे. अर्धगोलावर शंकू बसवून एक भरीव लाकडी खेळणे तयार केले आहे. दोघांचा तळ सारखाच असून त्याचा व्यास १२ सेंमी आहे. खेळण्याची एकूण उंची १४ सेंमी आहे. तर खेळण्याचे घनफळ आणि पृष्ठफळ काढा.

समजा, सूत्रे पाठ असलेल्या दोघांनी हा प्रश्न सोडवला. घनफळाचे उत्तर दोघांचेही ७५३.६ घन सेंमी आले. पृष्ठफळ मात्र एकाने ४१४.४८ चौरस सेंमी लिहिले आणि दुसऱ्याने ६४०.५६. दुसऱ्याचे एकही सूत्र चुकलेले नाही, गुणाकारही बरोबर आहेत. शंकूच्या एकूण पृष्ठफळाचे सूत्र त्याने लिहिले, अर्धगोलाच्या एकूण पृष्ठफळाचे लिहिले आणि घनफळाप्रमाणेच दोन्हींची बेरीज केली. तरीही उत्तर चूक आहे, आणि तेही निम्म्याहून अधिक जास्तीचे.

राज्य मंडळाच्या गणित भाग २ म्हणजे भूमितीच्या पुस्तकात ‘महत्त्वमापन’ हे सातवे आणि शेवटचे प्रकरण आहे. शंकू, गोल, वृत्तचिती यांची सूत्रे तिथे एकत्र येतात. ती पाठ असूनही जोडलेल्या आकृतीत गुण जातात, त्याचे कारण सूत्रांत नसून आकृत्या जिथे एकमेकींना चिकटतात त्या जागेत आहे.

आधी उंचीचे काय?

या प्रश्नात पहिला अडथळा पृष्ठफळाच्याही आधी येतो. दिलेली १४ सेंमी ही पूर्ण खेळण्याची उंची आहे, शंकूची नाही. अर्धगोलाची उंची वेगळी द्यावी लागत नाही, कारण ती त्याच्या त्रिज्येइतकीच असते. व्यास १२ म्हणजे त्रिज्या ६, आणि म्हणून शंकूची लंब उंची १४ वजा ६, म्हणजे ८ सेंमी.

शंकूच्या वक्रपृष्ठफळासाठी मात्र ही ८ सेंमी उपयोगाची नाही. तिथे तिरकस उंची लागते, म्हणजे टोकापासून तळाच्या कडेपर्यंत शंकूच्या अंगावरून खाली येणारी सरळ रेघ. लंब उंची, त्रिज्या आणि तिरकस उंची यांचा काटकोन त्रिकोण होतो, त्यामुळे l² = r² + h². इथे ३६ अधिक ६४ म्हणजे १००, आणि तिरकस उंची १० सेंमी.

ज्याने १४ हीच शंकूची उंची धरली, त्याला या पायरीवर २३२ चे वर्गमूळ काढावे लागते. ते साधारण १५.२३ येते. सरावपत्रिकेतले आकडे बहुतेक वेळा ३-४-५, ५-१२-१३ अशा त्रिकुटांवर किंवा त्यांच्या पटींवर बेतलेले असतात. त्यामुळे वर्गमूळ असे अडले, की गुणाकार पुन्हा तपासण्याऐवजी प्रश्नातली उंची नेमकी कशाची आहे ते पुन्हा वाचणे अधिक फायद्याचे ठरते. प्रत्येक वेळी वर्गमूळ नेटकेच येईल असे नाही, पण संशय घ्यायला ही जागा चांगली आहे.

व्यासालाच त्रिज्या समजण्याची चूक याहून महाग पडते. त्रिज्या दुप्पट धरली की अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट.

घनफळांची बेरीज का चालते?

घनफळ म्हणजे वस्तूने व्यापलेली जागा. अर्धगोलातले लाकूड अर्धगोलात आहे, शंकूतले शंकूत. दोन्ही चिकटवले म्हणून त्यातले काही नाहीसे होत नाही आणि कोणताही भाग दोनदा मोजला जात नाही. म्हणून बेरीज सरळ होते.

अर्धगोलाचे घनफळ ⅔πr³. त्रिज्या ६ घातली की ते १४४π येते. शंकूचे घनफळ ⅓πr²h, म्हणजे ३६ गुणिले ८ भागिले ३, हे ९६π. एकूण २४०π. प्रश्नात π = ३.१४ दिले असेल तर ७५३.६ घन सेंमी. π ची किंमत शेवटच्या ओळीपर्यंत न घालणे इथे सोयीचे असते. प्रत्येक पायरीला ३.१४ ने गुणत बसले की दशांशांच्या गर्दीत मधली चूक दिसत नाही. १४४π आणि ९६π एका नजरेत तपासता येतात.

ते तपासायचे कसे? सारख्याच त्रिज्येची आणि सारख्याच उंचीची वृत्तचिती डोळ्यांसमोर आणावी. शंकू तिच्या एक तृतीयांश भरतो, आणि अर्धगोल आपल्याच उंचीच्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश. गोल आणि त्याला नेमक्या बसणाऱ्या वृत्तचितीतले हे २:३ प्रमाण आर्किमिडीजने सिद्ध केले होते. इथे अर्धगोलाभोवतीची वृत्तचिती ६ सेंमी उंच, म्हणजे २१६π. तिचे दोन तृतीयांश १४४π. शंकूभोवतीची ८ सेंमी उंच, २८८π. तिचा तिसरा हिस्सा ९६π. दोन्ही आकडे जुळतात.

यातूनच एक गमतीची गोष्ट निघते. शंकूची उंची त्रिज्येइतकीच असती, तर एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश मिळून नेमकी एक वृत्तचिती झाली असती. वितळले तर शंकू आणि अर्धगोल मिळून तेवढ्याच त्रिज्येच्या, त्रिज्येइतक्याच उंचीच्या डब्यात काठोकाठ भरले असते.

मग पृष्ठफळात काय बिघडते?

पृष्ठफळ म्हणजे वस्तूचा बाहेरून हात लागेल असा भाग. खेळणे रंगाच्या डब्यात बुडवून काढले तर जिथे जिथे रंग लागेल, तेवढेच.

सुटा भरीव अर्धगोल बुडवला तर त्याची वक्र बाजू रंगेल आणि वरचा सपाट गोलही रंगेल. सुटा शंकू बुडवला तर उतरता भाग आणि तळाचा सपाट गोल. पण दोघांचे सपाट गोल एकमेकांना चिकटवून मग बुडवले, तर ते दोन्ही कोरडेच राहतात. एकूण पृष्ठफळाच्या सूत्रांमध्ये हे दोन गोल धरलेले असतात. म्हणजे दुसऱ्या विद्यार्थ्याने खेळण्याच्या पोटातली, कधीच न दिसणारी जागाही रंगवली.

हे आणखी स्पष्ट दिसते ते प्रत्यक्ष खेळणे कसे तयार होते ते पाहिल्यावर. कातकाम करणारा कारागीर असे खेळणे बहुधा दोन तुकडे चिकटवून करत नाही. लाकडाचा एकच ठोकळा फिरवून त्यातून तो वरचा शंकू आणि खालचा अर्धगोल कातून काढतो. तिथे सांधाच नसतो. मधले सपाट गोल कुठे आहेत असे विचारले तर दाखवायला काही नाही. खेळणे चिकटवून केले काय किंवा एकसंध कातले काय, बाहेरून ते सारखेच, तेव्हा पृष्ठफळही सारखेच यायला हवे. बेरजेची पद्धत या कसोटीवर लगेच पडते.

(जाता जाता, १२ सेंमी व्यासाचा आणि १४ सेंमी उंचीचा दंडगोल ठोकळा घेतला, तर त्याचे घनफळ ५०४π होते. खेळण्यात २४०π उरते. म्हणजे निम्म्याहून अधिक लाकूड भुश्यात जाते.)

बरोबर हिशेब असा. अर्धगोलाचे फक्त वक्रपृष्ठफळ 2πr², म्हणजे ७२π. शंकूचे फक्त वक्रपृष्ठफळ πrl, म्हणजे ६ गुणिले १०, हे ६०π. एकूण १३२π, म्हणजे ४१४.४८ चौरस सेंमी. तिरकस १० ऐवजी लंब उंची ८ घेणाऱ्याचे इथे ४८π आणि एकूण १२०π येते.

दुसऱ्या विद्यार्थ्याने अर्धगोलासाठी 3πr² घेतले, म्हणजे १०८π. शंकूसाठी πr(r + l), म्हणजे ९६π. बेरीज २०४π. बरोबर उत्तरापेक्षा ७२π जास्त. आणि ७२π म्हणजे ३६π चे दोन गोल, जे सांध्यात दडले आहेत.

उत्तर चकत्यांमध्ये मोजले तर?

चूक पकडण्याचा एक सोपा मार्ग आहे. तळाच्या गोलाला, म्हणजे πr² ला, एक चकती म्हणावे. आपल्या खेळण्यात एक चकती ३६π ची. आता अर्धगोलाचा वक्र भाग कोणत्याही त्रिज्येला नेमका दोन चकत्यांचा असतो. शंकूचा उतार किती चकत्यांचा, ते तिरकस उंचीला त्रिज्येने भागून मिळते. इथे १० भागिले ६, म्हणजे १.६७ चकत्या. एकूण खेळणे साधारण ३.६७ चकत्यांचे.

यात दोन गोष्टी चटकन कळतात. शंकूचा उतार एका चकतीपेक्षा कमी कधीच असू शकत नाही, कारण तिरकस उंची त्रिज्येपेक्षा नेहमीच मोठी असते. वक्रपृष्ठफळ तळापेक्षा लहान आले तर तिरकस उंची चुकली आहे. दुसरे म्हणजे, पुस्तकामागच्या उत्तराशी आपले उत्तर जुळत नसेल आणि फरक बरोब्बर दोन चकत्यांचा असेल, तर सांधा मोजला गेला आहे. फरक एकाच चकतीचा असेल तर दोघांपैकी एकाचे एकूण आणि एकाचे वक्रपृष्ठफळ घेतले गेले आहे.

π ची किंमत प्रश्नात सांगितली असेल तीच घ्यावी. २२/७ घेतले तर हेच उत्तर ४१४.८६ च्या आसपास येते. दोन उत्तरांत एवढाच किरकोळ फरक असेल तर तो π मुळे, पद्धतीमुळे नव्हे.

दोन तळ सारखे नसतील तर?

इथे ‘फक्त वक्रपृष्ठफळे घ्या’ हे पाठ केलेले वाक्य दगा देते. समजा, ६ सेंमी त्रिज्येच्या त्याच अर्धगोलावर ८ सेंमी त्रिज्येचा, ६ सेंमी उंचीचा शंकू मधोमध ठेवला. आकार भूछत्रासारखा दिसेल. शंकूचा तळ अर्धगोलाच्या बाहेर चहूबाजूंनी २ सेंमी येतो. त्याच्या खालच्या अंगाला एक कडे उघडे राहते आणि रंगात बुडवले तर ते नक्की रंगते.

शंकूची तिरकस उंची पुन्हा १०, त्यामुळे उतार ८०π. अर्धगोलाची वक्र बाजू ७२π. उघडे कडे म्हणजे मोठा गोल वजा लहान गोल, ६४π वजा ३६π, हे २८π. एकूण १८०π. फक्त वक्रपृष्ठफळे घेणारा १५२π वर थांबतो आणि कडे विसरतो.

यापेक्षा भरवशाचा नियम असा की सुट्या भागांची एकूण पृष्ठफळे घ्यावीत आणि जेवढी जागा चिकटली तिच्या दुप्पट वजा करावी, कारण ती दोन्हीकडून झाकली गेली. शंकूचे एकूण १४४π, अर्धगोलाचे १०८π, बेरीज २५२π. चिकटलेली जागा लहान गोलाएवढी, ३६π. दुप्पट वजा केली की १८०π उरतात. आधीच्या खेळण्यालाही हाच नियम लागू पडतो: २०४π वजा ७२π, बरोबर १३२π.

आणि कोरून काढले असेल तर?

जोडण्याऐवजी पोखरले की घनफळ आणि पृष्ठफळ उलट्या दिशांना जातात. दगडी उखळ घेऊ. १० सेंमी त्रिज्या आणि २० सेंमी उंचीच्या दगडी वृत्तचितीत वरून ६ सेंमी त्रिज्येचा अर्धगोल खळगा कोरला आहे. दगड २०००π होता, त्यातून १४४π गेला, १८५६π उरला. घनफळ घटले.

पृष्ठफळ मात्र वाढते. कोरण्याआधी ते ६००π होते: वर आणि खाली १००π चे दोन गोल, बाजूने ४००π. खळग्याने वरच्या गोलातली ३६π ची एक चकती खाल्ली, पण आत ७२π ची वक्र बाजू उघडी केली. चकत्यांच्या भाषेत, एक गेली आणि दोन आल्या. नवे पृष्ठफळ ६३६π. ‘वजा करायचे’ हे डोक्यात ठेवून ६००π मधून ७२π काढणाऱ्याने दगडाचा हिशेब पृष्ठभागाला लावला. उखळीच्या आतून हात फिरवला तर तिथेही दगडच लागतो, एवढे आठवले तरी पुरे.

प्रश्नातले नामही वाचावे लागते. शंकूत भरून वर अर्धगोलासारखे आलेले आइस्क्रीम किती, असे विचारले तर दोन्ही घनफळे धरायची. त्याच शंकूभोवती कागद किती लागेल, असे विचारले तर फक्त πrl, अर्धगोलाचा काही संबंध नाही. तंबूचे कापड विचारले तर जमीन मोजायची नाही.

खेळणे उभे राहील का?

सरावपत्रिका हे विचारत नाही, पण मूल पहिल्यांदा हेच पाहील. गोल बुडाचे खेळणे ढकलले की डुलते आणि पुन्हा सरळ होते, ते केव्हा? त्याचा गुरुत्वमध्य अर्धगोलाच्या केंद्राच्या, म्हणजे सांध्याच्या पातळीच्या खाली असेल तेव्हा. आणि हे ठरवायला मघाचेच घनफळ लागते, कारण एकाच लाकडात वजनाचे प्रमाण घनफळाएवढेच असते.

भरीव अर्धगोलाचा गुरुत्वमध्य सपाट बाजूपासून त्रिज्येच्या तीन अष्टमांश खाली असतो. इथे २.२५ सेंमी. भरीव शंकूचा तळापासून उंचीच्या एक चतुर्थांश वर, म्हणजे २ सेंमी. घनफळे १४४π आणि ९६π, म्हणजे वजने ३ ला २. खाली ओढणारा भाग ३ गुणिले २.२५, म्हणजे ६.७५. वर नेणारा २ गुणिले २, म्हणजे ४. खालची बाजू जड, म्हणून हे खेळणे गोल भागावर कलवले तरी उठून बसते.

आता तोच अर्धगोल ठेवून शंकू १२ सेंमी उंच करा. शंकूचे घनफळही १४४π होते, वजने सारखी. पण शंकूचा गुरुत्वमध्य ३ सेंमी वर जातो आणि अर्धगोलाचा २.२५ वरच राहतो. हे खेळणे सरळ ठेवले तरी आडवे होते. त्रिज्येच्या √३ पट, म्हणजे ६ सेंमी त्रिज्येला सुमारे १०.३९ सेंमी, ही शंकूच्या उंचीची मर्यादा आहे. त्या उंचीला दोन्ही बाजू नेमक्या तोलल्या जातात आणि खेळणे गोल भागावर ज्या कलात ठेवाल त्या कलात थांबते.